'पाच मिनिटांवर' नको, चालत वीस मिनिटं लिहा

*नमस्कार. कर्वेनगरला आमचं दुमजली घर आहे. खाली मी आणि हे राहतो, वरच्या दोन खोल्यांत चार मुली ठेवतो. बहुतेक कमिन्स कॉलेजच्या असतात. गेल्या वर्षी जाहिरात अशी दिली होती: 'मुलींसाठी पीजी. घरगुती जेवण, कॉलेजपासून पाच मिनिटांवर, शांत परिसर, माफक भाडे. समक्ष भेटा.' दिवाळीनंतर दोघी सोडून गेल्या. एक म्हणाली, रोज एवढं चालावं लागेल आणि साडेनऊला गेट बंद होईल हे आधी सांगितलंच नव्हतं. (अंतर दीड किलोमीटर आहे, स्कूटरवर पाचच मिनिटं लागतात.) दुसरीच्या डिपॉझिटमधून रंगाचे दोन हजार कापले म्हणून तिच्या वडिलांशी बोलाचाली झाली. जेवणासकट महिना साडेनऊ हजार घेतो, लाइटबिल वेगळं. आम्ही शाकाहारी आहोत. ह्यांचं म्हणणं, सगळं लिहून टाकलं तर कोणी येणारच नाही. काय लिहू आणि काय नको?*
*– एक वाचक, पुणे*

ताई, तुमच्या यजमानांची भीती अर्धी खरी आहे. सगळं लिहिलंत की फोन कमी येतील. पण तुम्हाला चाळीस फोन नकोत, चार मुली हव्यात, आणि त्या वर्षभर टिकायला हव्यात. दिवाळीनंतर रिकामी झालेली कॉट पुढच्या प्रवेशापर्यंत बहुधा रिकामीच राहते, कारण वर्षाच्या मध्यात जागा शोधणाऱ्या मुली थोड्याच असतात. डिसेंबर ते मे दोन कॉट रिकाम्या राहिल्या असं धरा. जेवणाचा खर्च वजा केला तरी सत्तर-पंचाहत्तर हजारांचं नुकसान आहे. जाहिरात मोघम ठेवल्याची ही किंमत.

तुमची जाहिरात दोघं जण वाचतात, आणि दोघं वेगवेगळं वाचतात. मुलगी बघते ती बाथरूम किती जणींत, गेट कधी बंद होतं आणि वायफाय आहे का. तिचे लातूरला किंवा संगमनेरला बसलेले वडील बघतात ते पैसे, जेवण आणि घरात मोठं माणूस आहे का. 'समक्ष भेटा' लिहिलं की या दोघांनाही रजा काढून, तिकिटाचे पैसे घालून पुण्याला यावं लागतं, आणि आल्यावर जे कळतं ते फोनवरच कळलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. तुमचं घर त्यांना फोनच्या पडद्यावर जेवढं दिसेल तेवढं दिसू द्या.

अंतरापासून सुरू करू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. स्कूटरवर पाच मिनिटं लागतात हे खरंच आहे, पण पहिल्या वर्षाच्या मुलीकडे स्कूटर नसते. दीड किलोमीटर म्हणजे पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन, एखादा मोठा रस्ता ओलांडून, अठरा ते वीस मिनिटं. एकदा सकाळी कॉलेजच्या वेळेला तुम्ही स्वतः चालून बघा. दुपारी दोनला नको, तेव्हा रस्ता मोकळा असतो. आपल्या गेटपासून कॉलेजच्या गेटपर्यंत घड्याळ लावा आणि तोच आकडा लिहा. सोबत किलोमीटरही द्या, म्हणजे झपाझप चालणारी मुलगी आपला हिशोब आपण करील. घराजवळचा बसथांबा कोणता, तिथवर किती मिनिटं, आणि पावसाळ्यात एवढ्या जवळच्या अंतराला रिक्षावाले यायला तयार होतात का, तेही लिहा. नळ स्टॉपचं मेट्रो स्टेशन 'जवळ' असल्याचं कर्वेनगरच्या जाहिरातींत वाचायला मिळतं. तिथवर चालत जाववत नसेल तर तसं लिहू नका. रात्री परतायच्या रस्त्यावर दिवे नसलेला एखादा पट्टा असेल तर तोही सांगून टाका. वडिलांना तो पहिल्या भेटीत दिसणारच आहे.

आता पैसे. तुमचा साडेनऊ हजारांचा आकडा सरसकट आहे आणि भांडणं तिथूनच उगवतात. दिवाळीला पंधरा दिवस घरी गेलेली मुलगी जेवणाचे पैसे परत मागते, तुम्ही म्हणता महिन्याचं ठरलंय, आणि दोघींचंही बरोबर असतं. म्हणून जागेचे आणि जेवणाचे पैसे वेगळे दाखवा. समजा जागेचे ६,२०० आणि जेवणाचे ३,३००. बेरीज तीच. आता जेवणाचे दिवसाला ११० पडतात आणि खाड्याचा नियम बसवता येतो. सगळे ११० परत देऊ नका. स्वयंपाकाच्या बाईंचा पगार मुलगी गावी गेली म्हणून कमी होत नाही, वाचतो तो शिधा आणि थोडा गॅस. दिवसाला ८० रुपये वजा करणं रास्त आहे. अट मात्र नेमकी हवी: सलग तीन दिवस किंवा जास्त बाहेर असेल आणि दोन दिवस आधी सांगितलं असेल तरच खाडा धरला जाईल. एका रात्रीपुरती मैत्रिणीकडे गेली तर नाही.

लाइटबिल 'वेगळं' म्हणजे किती, हे वडिलांना कळलं पाहिजे. वरच्या मजल्याला सब-मीटर नसेल तर आधी बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनचं थोडंसं काम आहे. मीटर नसताना अंदाजाने भागून घेतलेलं बिल कुणालाच पटत नाही, आणि वर्षभर दर महिन्याला पटत नाही. वाढतं ते मुख्यतः गीझरमुळे: दोन हजार वॅटचा गीझर तासभर तापत राहिला की दोन युनिट जातात. वरच्या मजल्याची गेल्या वर्षाची बिलं काढा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त महिना बघा, चौघींत भागा आणि दोन्ही आकडे लिहा. 'प्रत्येकी ३०० ते ५५०, मीटरप्रमाणे' एवढं पुरतं. वाचणारे जास्तीचाच आकडा धरतील, म्हणजे पुढे तक्रार नाही.

डिपॉझिटबद्दल मी तुमच्या बाजूने नाही. एका शैक्षणिक वर्षाच्या वापराने भिंत मळते, तो खर्च भाड्यातच धरलेला असतो. मुलीने भिंतीत खिळे ठोकले, चिकटपट्टीने रंगाचे पोपडे काढले, तर गोष्ट निराळी. तुम्हाला दरवर्षी रंगाचे पैसे घ्यायचेच असतील तर ते जाहिरातीत लिहा: 'जाताना रंगाचे २,००० कापले जातील.' लिहायला हात धजत नसेल तर कापूही नका. माझी बाकी सगळ्या नियमांनाही हीच कसोटी आहे. लिहिताना जो नियम अवघड वाटतो तो एक तर काढून टाकावा, नाही तर सरळ लिहावा. पोटात ठेवून नोव्हेंबरमध्ये बाहेर काढू नये. डिपॉझिट किती, कशासाठी कापलं जाईल आणि खोली सोडल्यापासून किती दिवसांत परत मिळेल, या तीन गोष्टी लिहा. शक्य असेल तर मुलगी राहायला येईल त्या दिवशी तिच्यासमोर खोलीचे फोटो काढून तिच्या वडिलांना पाठवा. मग जाताना भिंतीवरचा डाग कुणाचा यावर वाद होत नाही.

राहिली उन्हाळ्याची सुट्टी. इथे बहुतेक मालक गप्प बसतात आणि मुलगी परीक्षा संपवून बॅग भरते तेव्हा सांगतात की दोन महिन्यांचं भाडं द्यावं लागेल. जागा राखून ठेवायची तर काहीतरी घ्यायला हवं, हे कुणीही मान्य करील, पण आधी सांगितलं तर. अर्धं जागाभाडं, म्हणजे महिना ३,१००, हा मला मधला मार्ग वाटतो. हे सगळं एकदा वर्षाच्या हिशोबात मांडून बघा, कारण वडील तसाच हिशोब करतात. दहा महिन्यांचे ९,५०० प्रमाणे ९५,०००, सुट्टीच्या दोन महिन्यांचे ६,२००, आणि लाइटचे सरासरी ४५० प्रमाणे दहा महिन्यांचे ४,५००. एकूण १,०५,७००. डिपॉझिट वेगळं आणि परत मिळणारं. 'वर्षाचा एकूण खर्च अंदाजे १ लाख ६ हजार' असं छापणारी पीजीची जाहिरात सहसा दिसत नाही. तुम्ही छापा. आकडा मोठा दिसतो, पण ज्यांना तो झेपणार नाही त्यांना तो सप्टेंबरमध्येही झेपणार नसतो.

जेवणाबद्दल 'घरगुती' लिहून काही कळत नाही, कारण शेजारची मेसही तेच लिहिते. मुलींचे खरे प्रश्न वेगळे असतात. पोळ्या मोजून की पोटभर? सकाळचा डबा मिळतो का, आणि सात वाजता निघायचं असेल तर भरलेला असतो का? नाश्ता यात धरलाय का? रविवारी रात्री जेवण असतं का? पुण्याच्या अनेक मेसमध्ये रविवारी दुपारी काहीतरी गोडाधोडाचं आणि रात्री सुट्टी असते; तुमच्याकडेही तसंच असेल तर लिहा. उपासाला खिचडी करता की 'तुझं तू बघ'? रात्रीचं जेवण किती ते किती, आणि प्रॅक्टिकलमुळे उशीर झालेल्या मुलीसाठी ताट झाकून ठेवता का? ते ती स्वतः गरम करून घेऊ शकते का? एका साध्या आठवड्यात प्रत्यक्षात काय काय शिजलं ते वहीत लिहून काढा आणि तोच आठवडा जाहिरातीसोबत द्या. पाहुणे येणार असलेला आठवडा नको, नेहमीचा. त्यात दोनदा बटाटा आणि तीनदा कोबी असेल तर असू दे.

शाकाहाराचं नीट उलगडून लिहा. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा शिजत नाही, ही एक गोष्ट. बाहेरून बिर्याणी मागवून खोलीत खाल्लेली चालते की नाही, ही दुसरी. बाहेर खाऊन आलेल्या मुलीला तुम्ही काही म्हणता का, ही तिसरी. पहिली तुमच्या स्वयंपाकघराची आहे, दुसरी घराची, आणि तिसरी तुमची नाहीच. पहिल्या दोन्हींचं उत्तर लिहा. पण 'फक्त शाकाहारी मुलींना' असं लिहू नका. मुलगी काय आहे ते नको, तुमच्या घरात काय चालतं ते सांगा. याच ओघात आणखी एक. 'चांगल्या घरातील', 'सुसंस्कृत कुटुंबातील' असे शब्द लोक जात विचारायची सोय म्हणून वापरतात, आणि वाचणाऱ्यांना ते बरोबर कळतं. तुमच्या जाहिरातीत ते नव्हते, नव्यातही आणू नका.

आता गेट. साडेनऊची वेळ लिहाच, पण नुसती वेळ लिहून काम होत नाही. पावणेदहाला मुलगी आली तर काय होतं? माझा अंदाज आहे की तुम्ही कुरकुरत उठून दार उघडता. मग तसंच लिहा: साडेनऊला गेट बंद, उशीर होणार असेल तर नऊच्या आत फोन करावा, दार उघडलं जाईल. महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा झालं तर घरी कळवलं जाईल. मुलीला गेटबाहेर उभं ठेवणं हा कुठल्याही घराचा नियम असू शकत नाही, कितीही वाजले असले तरी. गॅदरिंग, सबमिशनची रात्र, गावाहून येणारी गाडी पहाटे पाचला स्वारगेटला पोचणं, हे दरवर्षी होणारच. त्यासाठी सवलत कशी मिळते ते एका ओळीत लिहा. वेळ कडक ठेवायची की सैल, हे तुम्ही ठरवा. साडेनऊ चालणाऱ्या मुली असतात, त्यांचे वडील तर खूशच असतात. कॉलेजनंतर क्लासला जाणारी मुलगी हे वाचून फोनच करणार नाही, आणि तेच बरं.

बाकीचे नियम भराभर. मैत्रीण खोलीवर किती वाजेपर्यंत बसू शकते, मुक्कामाला राहू शकते का. आई आली तर राहू शकते का, ताटाचे किती. मित्र आला तर गेटपर्यंत की खालच्या हॉलपर्यंत. बाथरूम किती जणींत एक. पाणी किती वाजता येतं, आणि एखाद्या गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असतं तेव्हा टाकी पुरते का. वॉशिंग मशीन आठवड्यातून कितीदा. स्कूटर लावायला जागा आहे का.

एक गोष्ट मात्र मालक कधी लिहीत नाहीत आणि मुलींना ती सगळ्यात जास्त खुपते: तुम्ही त्यांच्या खोलीत कधी येता. झाडूपोछाला बाई रोज दहाला येतात, त्या वेळी खोली उघडी हवी, एरवी दार वाजवल्याशिवाय कुणी येणार नाही, मुली नसताना कपाटाला हात लावला जाणार नाही. हे लिहून देणारी मालकीण मुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपोआप पोचते.

तुमच्या पत्रावरून मी मसुदा करून देते. जिथे मला माहिती नाही तिथे रेघ सोडली आहे, आणि काही आकडे मी सुचवलेले आहेत. तुम्हाला पटतील तेच ठेवा.

"कर्वेनगर, पुणे. मुलींसाठी पेइंग गेस्ट, दोन खोल्या, एका खोलीत दोघी. घरमालक पती-पत्नी खालच्या मजल्यावर राहतात. कमिन्स कॉलेजपर्यंत १.५ किमी, चालत २० मिनिटं. बसथांबा ____, चालत ____ मिनिटं. खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाथरूम ____ जणींत एक.

दरमहा ९,५०० रुपये: जागा ६,२००, जेवण ३,३००. लाइटबिल सब-मीटरप्रमाणे, प्रत्येकी साधारण ____ ते ____. डिपॉझिट १०,०००, मोडतोड किंवा थकबाकी असेल तरच कापलं जाईल, उरलेलं खोली सोडल्यापासून १५ दिवसांत परत. राहायला येताना एकूण १९,५०० आणावे लागतील. उन्हाळी सुट्टीत जागा राखायची असल्यास महिना ३,१००. खोली सोडायची असल्यास एक महिना आधी सांगावं. वर्षाचा एकूण खर्च अंदाजे १ लाख ६ हजार, डिपॉझिट सोडून.

नाश्ता ____. सकाळी डबा ____ वाजता तयार. रात्री ८ ते ९ जेवण, पोळ्या पोटभर, उशीर होणार असल्यास ताट झाकून ठेवतो. रविवारी रात्री ____. सलग तीन दिवस बाहेर असल्यास आणि दोन दिवस आधी सांगितल्यास दिवसाला ८० रुपये खाडा. घरात मांसाहार व अंडी शिजत नाहीत. बाहेरून आणून खोलीत ____.

गेट रात्री ९.३० ला बंद. उशीर होणार असल्यास ९ च्या आत फोन करावा, दार उघडलं जाईल. परीक्षा, गॅदरिंग, प्रवास यासाठी आधी सांगून सवलत. मैत्रिणी रात्री ८ पर्यंत. आई महिन्यात दोन रात्री राहू शकते, ताटाचे ८० रुपये. दार वाजवल्याशिवाय खोलीत कुणी येणार नाही.

कागदपत्रं: आधारची प्रत, कॉलेजचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती, पालकांचा फोन नंबर. करार व पोलिसांकडे नोंद केली जाईल. एक कॉट १ ऑगस्टपासून, तीन कॉट ____ पासून."

लांब वाटेल, पण फोनवर एका मिनिटात वाचून होतं. सोबत चार फोटो पुरेत: खोली दारातून, बाथरूम, कॉलेजच्या दिशेचा रस्ता, आणि खरोखरचं एक ताट. गादीवर नवी चादर टाकून काढलेला फोटो नको, आहे तशी खोली दाखवा. पाठवण्याआधी गेल्या वर्षी टिकलेल्या दोघींपैकी एकीला मसुदा वाचायला द्या आणि विचारा, यात काय राहिलं. तुम्हाला सवयीने न दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी ती चटकन सांगेल.

कराराबद्दल थोडंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहत असलेल्या जागेच्या काही भागात परवानगीने राहणारी, कुटुंबाबाहेरची व्यक्ती. तुमचा वरचा मजला आतून जोडलेला आहे की त्याला वेगळा जिना आणि वेगळं दार आहे, यावर तो तुम्ही राहता त्याच जागेचा भाग धरायचा का हा प्रश्न येऊ शकतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार झाला तर त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची असते. एकदा वकिलाला घराचा नकाशा दाखवून विचारून घ्या. करार कुठलाही असो, जाहिरातीतले आकडे आणि नियम त्यात शब्दशः उतरवा.

आणि वेळ. इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राउंडने होतात. राउंडची यादी लागली की मुलीला थोड्याच दिवसांत कॉलेजात हजर व्हावं लागतं, आणि त्याच खेपेत वडील राहायची सोय बघतात. त्यामुळे वेळापत्रक जाहीर झालं की जाहिरात तयार ठेवा आणि पहिल्या यादीच्या दिवशी टाका. फोन आला की आधी विचारा, पूर्ण वाचली का. नसेल तर पुन्हा पाठवा आणि म्हणा, वाचून मग फोन करा. एकच प्रश्न तीन-चार जणांनी विचारला तर त्याचं उत्तर जाहिरातीत नाही असं समजून त्याच संध्याकाळी ती ओळ वाढवा. चौथी कॉट भरली की जाहिरात काढून टाका, नाहीतर गणपतीपर्यंत फोन चालू राहतील.